लादीचा पाव घरच्या ट्रेमध्ये

पावसाळ्यातल्या एका सकाळी रेवदंड्यात आमच्या आळीत पाववाला आला नाही. घरी पाहुणे, उसळ शिजलेली, आणि पाव नाहीत! मग म्हटलं, आपणच करून पाहू. पाव झाले, पण लादी झाली नाही. सुटे, चपटे, कडांना कडक असे सोळा गोळे निघाले. चूक कुठे झाली, ते त्या दिवशी समजलं नाही. पुढे समजलं, तेच आज तुम्हांला सांगते.

पाव हा शब्द पोर्तुगीज भाषेतला. चौल-रेवदंड्यावर पोर्तुगीजांचा अंमल १७४० पर्यंत होता, आणि पलीकडच्या कोर्लई गावात पोर्तुगीजमधून उपजलेली बोली आजही बोलली जाते. पण लादी कशी जमते, हे इतिहासातून नव्हे, परातीतूनच शिकावं लागतं.

सोळा पावांसाठी ५०० ग्रॅम मैदा घ्या. त्यात ५ ग्रॅम कोरडं यीस्ट, २५ ग्रॅम साखर आणि ८ ग्रॅम मीठ मिसळा. तापवून निवलेलं दूध १७० मिलिलिटर आणि पाणी १६० मिलिलिटर लागेल. पाणी मात्र एकदम ओतू नका हं. आपल्याकडे पावसाळ्यात हवेचा दमटपणा मैद्यात उतरतो, म्हणून दोन मोठे चमचे पाणी मागे ठेवा आणि कणीक पाहून लागेल तसं घाला. ती हाताला किंचित चिकटावी, पण परातीपासून सुटावी. शेवटी ३० ग्रॅम लोणी घालून पंधरा मिनिटं चांगली मळा. लहानसा तुकडा बोटांनी ताणला, की न फाटता पातळ पडद्यासारखा झाला पाहिजे. मग झाकून ठेवा. ऊबदार दिवसांत तासाभरात कणीक दुप्पट होते. थंडीत दीड तासही लागतो. घड्याळाकडे पाहू नका, कणकेकडे पाहा.

आता खरी गोष्ट. कणकेचे साधारण ५५ ग्रॅमचे सोळा गोळे करा. प्रत्येक गोळ्याची कड खाली ओढून वरचा भाग ताणलेला ठेवा आणि चिमटलेली बाजू खाली घाला. २३ सेंटिमीटरच्या चौकोनी ट्रेला लोणी लावून चार ओळींत चार-चार गोळे मांडा. दोन गोळ्यांत बोटभर, म्हणजे सुमारे एक सेंटिमीटर जागा ठेवा. माझी चूक इथेच झाली होती. मी मोठ्या ट्रेमध्ये तीन-तीन बोटं जागा सोडली होती. कणीक फुगली, की तिला आधार लागतो. शेजारी नसेल, तर ती बाजूला पसरते आणि चपटी होते. शेजारी असेल, तर दोघं एकमेकांना टेकून वर चढतात. शिवाय जिथे पाव पावाला टेकतो, तिथे कोरडी आच पोचत नाही, म्हणून ती बाजू पांढरी, कापसासारखी मऊ राहते. उलट गोळे अगदी चिकटवून मांडलेत, तर ते एकमेकांना दाबतात आणि मधले पाव आत ओलसर राहतात.

मांडल्यावर पुन्हा झाकून अर्धा-पाऊण तास ठेवा. गोळे एकमेकांना टेकले, की बोटाने हळूच दाबून पाहा. खळगा लगेच भरून आला, तर अजून थांबा. तो सावकाश, अर्धवट भरला, तर वेळ झाली. मुळीच भरला नाही, तर उशीर झाला. असे पाव भट्टीत बसतात. घाईने घातलेले मात्र बाजूने फाटतात.

ओव्हन आधीच २०० अंश सेल्सिअसवर तापवा. पाव घालण्यापूर्वी दुधात चिमूटभर साखर विरघळवून मऊ कुंचल्याने वर पातळ हात फिरवा. जोर दिलात, तर फुगलेला पाव खाली बसेल. दूध खाचांत साचलं, तर तिथे काळे डाग पडतील. दुधातली साखर आणि प्रथिनं यांमुळेच वरचा भाग तांबूस होतो. अठरा ते बावीस मिनिटांत पाव भाजतात. मधली एक फट हलकेच उघडून पाहा. आत ओली, चकाकणारी रेघ दिसली, तर आणखी तीन-चार मिनिटं ठेवा. वरून फार तांबूस होत असतील, तर कागद झाका.

बाहेर काढताच गरम पावांवर पुन्हा दुधाचा हात फिरवा. मग थोडं लोणी लावा आणि स्वच्छ कापडाने झाका. आतली वाफ कापडाखाली राहते आणि वरचं कवच मऊ पडतं. तकाकी येते ती लोण्याने. वीस मिनिटं तरी लादी मोडू नका. गरम मोडलात, तर पाव आत पिठूळ लागेल.

लाकडाच्या भट्टीची धुरकट चव घरच्या ओव्हनला येत नाही, आणि हा पाव एक दिवसच छान लागतो. दुसऱ्या दिवशी चाळणीत ठेवून दोन मिनिटं वाफ द्या. परवा मी पुन्हा लादी केली. या वेळी सोळाही पाव एका अंगाने वर आले आणि पाहुण्यांनी ते एकमेकांपासून ओढून घेतले.