जनाबाईंचा अभंग

पंढरपुरात संत नामदेवांच्या घरी राबणाऱ्या जनाबाईंच्या अभंगांत दळण, कांडण, झाडलोट, शेणी वेचणं हे सगळं येतं. आणि या कामांना विठ्ठल स्वतः हात लावतो!

संस्कृत शास्त्रांचं दार स्त्रियांना आणि शूद्र मानलेल्यांना बंद होतं. त्यामुळे हे काव्य पोथीतून नव्हे, कानांतून पसरायचं होतं. तिथे साधेपणा कामी आला. छोट्या अभंगात साधारण आठ-आठ अक्षरांचे दोन चरण आणि शेवटी यमक. हातातलं काम न थांबवता म्हणता यावं, ऐकताच तोंडी बसावं, असं ते माप.

तोंडी पसरल्यामुळे पाठभेद मात्र झाले. जनाबाईंची नाममुद्रा असलेला प्रत्येक अभंग त्यांचाच, असं अभ्यासक मानत नाहीत. तरी खेड्यापाड्यांतल्या बायकांनी जात्यावरच्या ओव्यांत जनाबाईंचं नाव पिढ्यान्‌पिढ्या गायलं आहे.