घरी सोडण्याची परवानगी आणि विम्याची मंजुरी
(शिक्षक व ग्रामपंचायत सदस्यांच्या मेळाव्यातील व्याख्यानावरून)



रुग्ण बरा झाला, डॉक्टरांनी सकाळच्या फेरीत घरी जाण्यास सांगितले, घरच्यांनी सामानाची आवराआवर केली. आणि तरीही संध्याकाळपर्यंत खाट सुटत नाही, हा अनुभव आता तालुक्याच्या गावीही नवा राहिलेला नाही. विचारणा केली की विमा कक्षातून एकच उत्तर येते: "कंपनीची मंजुरी आलेली नाही." हे उत्तर पुष्कळदा खरे असते, परंतु ते संपूर्ण असतेच असे नाही. मंजुरी मागितली केव्हा, हे त्या उत्तरात नसते, आणि सारा प्रश्न तर तेथेच अडकलेला असतो.

रोख पैसे न भरता उपचार घेण्याच्या पद्धतीत, म्हणजे ज्याला सर्वजण कॅशलेस म्हणतात त्यात, मंजुरी दोन वेळा घ्यावी लागते. पहिली रुग्ण दाखल होताना. ती अंदाजी रकमेची असते. दुसरी घरी सोडताना. ती प्रत्यक्ष बिलाची असते. भारतीय विमा नियामक व विकास प्राधिकरणाने २९ मे २०२४ रोजी काढलेल्या परिपत्रकात या दोन्हींना मुदत घालून दिली आहे. पहिल्या मागणीवर एका तासात निर्णय व्हावयास हवा आणि रुग्णालयाकडून अंतिम मागणी मिळाल्यापासून तीन तासांत शेवटची मंजुरी मिळावयास हवी. तीन तासांहून अधिक विलंब झाल्यामुळे रुग्णालयाने काही जादा आकार लावला, तर तो विमा कंपनीने स्वतःच्या भागधारकांच्या निधीतून सोसावयाचा आहे. उपचार चालू असताना रुग्ण दगावल्यास दाव्याचे काम तात्काळ करून पार्थिव नातेवाइकांच्या ताब्यात मिळवून द्यावे, असेही त्या परिपत्रकात आहे.

या नियमातील "मागणी मिळाल्यापासून" हे शब्द रुग्णाच्या नातेवाइकांनी नीट ध्यानात ठेवले पाहिजेत. तीन तासांचे घड्याळ डॉक्टरांच्या तोंडी परवानगीने सुरू होत नाही. ते सुरू होते रुग्णालयाचे अंतिम बिल आणि डिस्चार्ज कार्ड कंपनीच्या, किंवा कंपनीच्या वतीने दावे पाहणाऱ्या टीपीए नामक मध्यस्थ संस्थेच्या हाती पडते तेव्हा.

उदाहरणादाखल एका प्राथमिक शिक्षकाच्या पत्नीचे प्रकरण घेऊ. पित्ताशयातील खड्यांसाठी तिच्यावर दुर्बिणीतून शस्त्रक्रिया झाली. विमा तीन लाखांचा, चौथ्या वर्षात असलेला. डॉक्टरांनी सकाळी ९ वाजता घरी जाण्यास सांगितले. पण डॉक्टर लगेच दुसऱ्या शस्त्रक्रियेस गेले आणि डिस्चार्ज कार्ड लिहून सही होईपर्यंत दुपारचे १२ वाजले. मग न वापरलेली औषधे रुग्णालयाच्या औषध दुकानात परत गेली, त्यांची वजावट झाली आणि सव्वा वाजता बिल तयार झाले. विमा कक्षाने ते १ वाजून ४० मिनिटांनी पाठविले. कंपनीचा प्रश्न आला ३ वाजून १० मिनिटांनी. बाह्यरुग्ण विभागाच्या कागदावर पोटदुखी "३ वर्षे" लिहिली होती, तर आंतररुग्ण केस पेपरवर "३ महिने". यातले खरे कोणते, असा तो प्रश्न होता. विमा कक्षातील कारकून त्या वेळी दाखल होणाऱ्या नव्या रुग्णांच्या कागदपत्रांत गुंतलेला होता. प्रश्न संगणकावर तसाच पडून राहिला आणि शिक्षकाला मात्र "मंजुरी यायची आहे" हेच उत्तर मिळत राहिले.

५ वाजून २० मिनिटांनी त्या शिक्षकाने विमा कार्डावरील क्रमांकावर स्वतः दूरध्वनी केला, तेव्हा प्रश्न आल्याचे त्याला प्रथमच कळले. पहिल्या सोनोग्राफीच्या अहवालाचे छायाचित्र त्याच्या मोबाइलमध्ये होते. त्यावरील तारीख तीन महिन्यांपूर्वीची होती. ते दाखवून त्याने निवासी डॉक्टरांकडून दोन ओळींचा सहीशिक्क्याचा खुलासा घेतला. तो ६ वाजून ५ मिनिटांनी गेला आणि ७ वाजून २० मिनिटांनी मंजुरी आली.

आता हिशेब पाहावा. एकूण १० तास २० मिनिटे गेली. त्यांपैकी कागद कंपनीकडे होते ते दोन्ही वेळा मिळून २ तास ४५ मिनिटे. उरलेले ७ तास ३५ मिनिटे कागद रुग्णालयातच होते. म्हणजे दिवस वाया गेला, तरी तीन तासांचा नियम मोडला असे म्हणता येणार नाही. कंपनीला दोष देत बसलेल्या कुटुंबाला हे ठाऊक नसते, आणि ते सांगण्याची घाई रुग्णालयालाही नसते.

यावरून रुग्णाच्या बाजूने करावयाचे काम आदल्या दिवशीच सुरू होते. उद्या घरी सोडणार असा अंदाज संध्याकाळच्या फेरीत मिळाला, की डिस्चार्ज कार्डाचा मसुदा रात्रीच तयार ठेवण्याची विनंती डॉक्टरांना करावी. सकाळी फक्त सही उरते. शिल्लक औषधे रात्रीच परत करण्यास परिचारिकेला सांगावे. तोपर्यंतचे बिल मागून घेऊन वाचावे. बिल पहिल्या मंजुरीच्या बरेच पुढे गेले असेल, तर वाढीव रकमेची मागणी त्याच दिवशी पाठविण्यास विमा कक्षाला सांगावे. शेवटच्या दिवशी एकदम मोठा फरक दिसला की तपासणी अधिक होते. जुने तपासणी कागद, पहिल्या भेटीचा कागद आणि सोनोग्राफी व रक्ततपासणीचे अहवाल जवळ ठेवावेत. शरीरात काही साधन बसविले असल्यास त्याचे बिल आणि वेष्टनावरील चिकटपट्टी धारिकेत लागली आहे ना, हे पाहावे. प्रश्न बहुधा याच गोष्टींविषयी येतात.

घरी जाण्याच्या दिवशी विमा कक्षात "मंजुरी आली का" असे विचारून फारसे साधत नाही. विचारावयाचे ते असे: अंतिम मागणी किती वाजता पाठविली आणि दावा क्रमांक काय? ही दोन उत्तरे कागदावर लिहून घ्यावीत. अर्ध्या तासाने कंपनीच्या किंवा टीपीएच्या क्रमांकावर तो दावा क्रमांक सांगून मागणी पोहोचल्याची वेळ आणि काही प्रश्न काढला आहे का, हे विचारावे. दोन ठिकाणची उत्तरे जुळत नसतील, तर अडथळा कोठे आहे ते तेव्हाच उघड होते. मागणी गेलेलीच नसेल, तर रुग्णालयाच्या व्यवस्थापकाकडे जावे. प्रश्न आला असेल, तर तो शब्दशः लिहून घेऊन डॉक्टरांकडे जावे. खुलासा डॉक्टरांनीच लिहावा. नातेवाइकाने तोंडी सांगितलेल्या कारणाला तेथे किंमत नसते. त्यात खोटे तर काहीच लिहवून घेऊ नये. पुढे तेच दावा नाकारण्याचे कारण होते.

मागणी पोहोचल्यापासून तीन तास खरोखर उलटले, तर सूर बदलावा. कंपनीच्या तक्रार निवारण अधिकाऱ्यास ई-मेल पाठवावा. त्यात दावा क्रमांक, मागणी पोहोचल्याची वेळ, आताची वेळ, परिपत्रकाची तारीख आणि जादा आकार कंपनीच्या माथी राहील हे वाक्य, एवढेच असावे. प्राधिकरणाच्या 'बीमा भरोसा' या व्यवस्थेत किंवा १५५२५५ या क्रमांकावर तक्रार नोंदविता येते. विमा लोकपालाची कार्यालये मुंबई व पुणे येथे आहेत. परंतु कंपनीकडे तक्रार करून तीस दिवस गेल्यावर, किंवा तिचे उत्तर असमाधानकारक असल्यास, तो मार्ग खुला होतो. नंतरच्या वादासाठी तो उपयोगाचा, त्याच दिवशी खाट सोडविण्यासाठी नव्हे.

रुग्णालय का थांबवते, हेही समजून घेतले पाहिजे. कंपनीने कमी रक्कम मंजूर केली तर उरलेली रुग्णाकडून घ्यावयाची असते आणि रुग्ण गावी गेल्यावर ती वसूल करणे अवघड जाते. ही भीती अगदीच निराधार नाही. म्हणून आपल्या वाट्याची रक्कम रुग्णाने आधीच काढून ठेवावी. वरील प्रकरणात बिल ८७ हजारांचे होते. खोली दिवसाला ४ हजारांची, तर विम्यातील मर्यादा ३ हजारांची. अशा वेळी पुष्कळ विम्यांत केवळ खोलीच्या भाड्यातील फरक कापला जात नाही. खोलीशी निगडित असलेले इतर आकारही त्याच प्रमाणात कापले जातात. खोली, शस्त्रक्रिया आणि भूल मिळून ६० हजार झाले होते; त्यांतील चौथा हिस्सा, म्हणजे १५ हजार, गेला. औषधे व तपासण्यांच्या २४ हजारांना ही कपात लागत नाही. हातमोजे आदी न मिळणाऱ्या वस्तूंचे ३ हजार वेगळे. रुग्णाचा वाटा १८ हजार, कंपनीचा ६९ हजार. हे गणित दुपारीच मांडून शिक्षकाने १८ हजार भरण्याची आणि उरलेल्या रकमेसाठी हमीपत्र देण्याची तयारी दाखविली असती, तर रुग्णालयाला अडविण्याचे कारण फारसे उरले नसते. पुष्कळ रुग्णालये हे मान्य करतात. पण आपणहून सुचवीत नाहीत. अनामत भरावी लागलीच, तर "मंजुरीनंतर परत" असे लिहिलेली पावती घ्यावी.

मुळात पैशासाठी रुग्णाला अडवून ठेवता येत नाही. राष्ट्रीय मानवी हक्क आयोगाने तयार केलेल्या रुग्णहक्कांच्या सनदेत घरी जाण्याचा हक्क स्पष्ट नोंदविलेला आहे. महाराष्ट्रातही शुश्रूषागृह नोंदणीच्या २०२१ च्या सुधारित नियमांनुसार रुग्णहक्कांची सनद दर्शनी जागी लावावी लागते आणि रुग्णालयाची नोंदणी करणाऱ्या स्थानिक प्राधिकाऱ्याकडे तक्रार करता येते. हा प्राधिकारी महानगरपालिका हद्दीत तेथील आरोग्य विभाग असतो आणि ग्रामीण भागात बहुधा जिल्हा शल्यचिकित्सक. पंचायत सदस्याचा एक दूरध्वनी येथे उपयोगी पडतो. मात्र तो वाद घालण्यासाठी नसावा, "मागणी किती वाजता गेली" हे विचारण्यासाठी असावा. महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेतील रुग्णाची वाट निराळी आहे. त्याने रुग्णालयातील आरोग्यमित्राकडे जावे. तीन तासांचा वरील नियम विमा कंपन्यांच्या पॉलिसींसाठी आहे.

मंजुरी अखेर नाकारली गेली किंवा रात्र होऊ लागली, तर पैसे भरून घरी जावे आणि नंतर भरपाईचा दावा करावा. कॅशलेस नाकारले म्हणजे दावाच नाकारला, असे होत नाही. अशा वेळी नकाराचे पत्र, मूळ डिस्चार्ज कार्ड, तपशीलवार बिल, भरलेल्या पैशांच्या पावत्या, तपासणी अहवाल आणि औषधांच्या चिठ्ठ्या रुग्णालय सोडण्यापूर्वीच ताब्यात घ्याव्यात. आंतररुग्ण केस पेपरांच्या प्रतीसाठी लेखी अर्जही तेथेच देऊन त्याची पोच घ्यावी.