मंडईची चित्रफीत आणि फायलीचे नाव

दिवाळी सरली की आपल्या भंडारा जिल्ह्यात गावोगावी मंडई भरते. दिवसा दंडार, कुठे खडी गंमत आणि रात्री नाटक. आता हे सगळं मोबाइलवर टिपलं जातं आणि मंडळाच्या चॅनेलवर जातं. साकोली तालुक्यातल्या एका दंडार मंडळाने मला विचारलं, "सर, आमच्या प्लेलिस्टमधले सगळे व्हिडिओ एका हार्ड डिस्कवर उतरवून द्याल का? गावात नेट नसलं तरी म्हाताऱ्यांना दाखवता आले पाहिजेत." त्या कामात मी जिथे चुकलो, तेच आज सांगतो.

आधी हक्काचं बोलू. व्हिडिओ सगळ्यांना दिसतो म्हणून तो उतरवून घ्यायला मोकळा झाला असं नाही. यूट्यूबच्या अटी डाउनलोडला सरसकट परवानगी देत नाहीत. चॅनेल आपलंच असेल तर गूगल टेकआउटमधून आपल्या फायली मागवता येतात. दुसऱ्याचं काही घ्यायचं असेल तर हक्कदाराची लेखी संमती घ्या आणि त्या साइटच्या अटी वाचा. मी या मंडळाकडून लेखी घेतलं आणि सिनेमाची गाणी वाजवलेले व्हिडिओ बाजूला ठेवले.

या कामाला yt-dlp नावाचा मोफत प्रोग्रॅम आहे. त्याला बटणं नाहीत. काळ्या खिडकीत आज्ञा टाइप करावी लागते. सोबत ffmpeg असू द्या, कारण चांगल्या दर्जाचं चित्र आणि आवाज बहुतेक वेळा वेगवेगळे येतात आणि ते जोडण्याचं काम ffmpeg करतो. तो नसला तर अनेकदा हलक्या दर्जाचं चित्र पदरात पडतं.

प्लेलिस्टचा पत्ता दिला की सगळे व्हिडिओ एकामागून एक उतरतात. तिथे अडचण नाही. अडचण नावाची आहे. पहिल्या वर्षी मी प्रत्येक फायलीच्या आधी प्लेलिस्टमधला अनुक्रमांक लावला. 38 व्हिडिओ होते, 01 ते 38 अशी सुरेख रांग लागली. पुढच्या वर्षी मंडळाने पाच नवे व्हिडिओ टाकले, पण प्लेलिस्टच्या वरच्या टोकाला. त्यामुळे जुना पहिला व्हिडिओ सहावा झाला आणि बाकीचेही पाच-पाच घरं खाली सरकले. मी तीच आज्ञा पुन्हा दिली. नाव जुळेना म्हणून प्रोग्रॅमने प्रत्येक व्हिडिओ नवा समजून उतरवला. फोल्डर उघडलं तर 43 च्या जागी 81 फायली. रात्रभराचा डेटा गेला, आणि कोणती फाइल दुबार आहे हे एकेक उघडून पाहावं लागलं.

तेव्हा उमगलं की प्लेलिस्टमधली जागा हा व्हिडिओचा गुण नाही, ती आज आहे आणि उद्या नाही. दोन गोष्टी मात्र बदलत नाहीत: व्हिडिओ ज्या दिवशी चढवला ती तारीख आणि त्याचा अकरा अक्षरी ओळख-क्रमांक. नाव यांवर बांधायचं. कागद-पेन घ्या, सावकाश सांगतो. आज्ञा एकाच ओळीत लिहायची आहे.

```
yt-dlp --download-archive zali.txt -o "%(upload_date>%Y-%m-%d)s %(title).120B [%(id)s].%(ext)s" "प्लेलिस्टचा पत्ता"
```

ओ या अक्षरानंतरच्या अवतरणचिन्हांत नावाचा साचा आहे. आधी तारीख, वर्ष-महिना-दिवस या क्रमाने. तारीख अशी उलटी लिहिली की फोल्डरमधली नावं आपोआप काळाच्या क्रमाने लागतात. मग शीर्षक, मग चौकटी कंसात ओळख-क्रमांक. नमुना असा:

```
2023-11-20 दंडार भाग १ [aB3xK9_mQ2w].mp4
```

ही तारीख चढवण्याची आहे, मंडईची नाही, हे विसरू नका. दिवाळीतली दंडार कोणी जानेवारीत चढवली तर फायलीवर जानेवारीच येईल. मंडईचा खरा दिवस आणि गाव आम्ही वेगळ्या वहीत, ओळख-क्रमांकासमोर लिहून ठेवतो. आणि ज्या अभ्यासक्रमाच्या धड्यांचा क्रम ठरलेला आहे, प्लेलिस्ट पूर्ण झाली आहे, तिथे अनुक्रमांकच योग्य. मंडईसारख्या वाढत्या प्लेलिस्टला तो चालत नाही.

zali.txt ही साधी मजकुराची फाइल आहे. व्हिडिओ पूर्ण उतरला की त्याचा ओळख-क्रमांक तिच्यात एका ओळीवर नोंदला जातो. पुढच्या वेळी आज्ञा दिली की नोंद असलेले व्हिडिओ प्रोग्रॅम ओलांडून जातो. मात्र आज्ञा दर वेळी त्याच फोल्डरमधून द्या. नाहीतर नवी रिकामी zali.txt तयार होते आणि सगळं पुन्हा उतरायला लागतं.

आता शीर्षकाजवळचं 120B. ही गोष्ट मराठी शीर्षकांमुळे खास आपल्या कामाची आहे. लिनक्सवर फायलीच्या नावाला साधारण 255 बाइटची मर्यादा असते. इंग्रजी अक्षराला एक बाइट लागतो, देवनागरी चिन्हाला तीन, आणि काना, मात्रा, अनुस्वार हे प्रत्येक वेगळं चिन्ह धरलं जातं. 'दंडार' या शब्दात द, अनुस्वार, ड, काना, र अशी पाच चिन्हं, म्हणजे 15 बाइट. गावाचं पूर्ण नाव, मंडळाचं नाव, शाहिराचं नाव असं लांब शीर्षक असलं की तो व्हिडिओ उतरत नाही आणि 'File name too long' असा संदेश येतो. 120B म्हणजे शीर्षकाचे 120 बाइटच घे, म्हणजे साधारण 40 चिन्हं. ओळख-क्रमांक शेवटी असल्याने शीर्षक कापलं गेलं तरी दोन फायली एकमेकींत मिसळत नाहीत.

अनेक जण सांगतात की नावं सुटसुटीत हवीत तर --restrict-filenames हा पर्याय लावा. इंग्रजी शीर्षकांना तो ठीक आहे. आपल्या शीर्षकांना लावू नका. तो देवनागरी अक्षरं काढून टाकतो आणि त्यांच्या जागी नुसती आडवी रेघ उरते. लिनक्सवर उतरवून पेनड्राइव्हवर न्यायचं असेल तर --windows-filenames लावा. मराठी तसंच राहतं आणि फक्त विंडोजला न चालणारी चिन्हं बदलतात.

उतरवायला सुरुवात करण्याआधी नावं नुसती पाहून घ्या. साचा तोच ठेवायचा, फक्त ही भर घालायची:

```
--print filename -I 1:3
```

याने पहिल्या तीन व्हिडिओंची नावं पडद्यावर दिसतात, फाइल उतरत नाही. काही चुकलं असेल तर इथेच कळतं. आज्ञा दर वर्षी लागणार म्हणून विंडोजच्या .bat फाइलीत साठवणार असाल तर प्रत्येक टक्के-चिन्ह दोनदा लिहा, %% असं. एकदाच लिहिलं तर विंडोज ते खाऊन टाकतो आणि नावात तारखेऐवजी भलतंच येतं.

शेवटी मोजणी. प्लेलिस्टमध्ये 43 व्हिडिओ असतील आणि zali.txt मध्ये 41 ओळी, तर दोन राहिले. बहुधा ते खासगी केलेले किंवा काढून टाकलेले असतात, किंवा नेट मध्येच गेलेलं असतं. तीच आज्ञा पुन्हा द्या. नेटमुळे राहिलेले उतरतील आणि ओळी वाढतील. तरीही 41 च राहिल्या तर खिडकीतल्या ERROR शब्दाच्या ओळी वाचा. व्हिडिओ खासगी आहे असं तिथे लिहिलेलं असेल, तर ज्याने तो चढवला त्याला फोन करून मूळ फाइल मागून घ्यावी लागेल.