६० हजारांऐवजी ४५: करार संपला की नाही?

समजा, स्वयंपाकघराची कपाटं करायला तुम्ही एका सुताराला काम दिलंत. ठरले ९० हजार, त्यातले ३० हजार ॲडव्हान्स दिले.

काम सुरू होण्याआधीच सुताराला गावी जावं लागलं. तो म्हणतो, "दादा, माझ्याऐवजी मावसभाऊ करेल. ॲडव्हान्स त्याच्याकडे देतो, बाकीचे पैसे त्यालाच द्या." तुम्ही हो म्हणालात, मावसभाऊही हो म्हणाला, की सुतार मोकळा. जुना करार संपला, त्याच्या जागी नवा आला. हे नॉव्हेशन. यात तिघांचा होकार लागतो. तुम्हाला न विचारता त्याने भावाला पाठवलं, तर भाऊ फक्त त्याचा माणूस. कपाट वाकडं बसलं तर जबाब सुतारानेच द्यायचा.

आता दुसरी शक्यता. दोघांनी मिळून ठरवलं, "राहू दे, नको हे काम." हे रिसिजन, म्हणजे करार रद्द. जुना गेला आणि नवीन काहीच आलं नाही. भारतीय करार कायदा, १८७२ च्या कलम ६२ मध्ये हे दोन्ही शेजारी बसलेत. फक्त रद्द करतानाच ३० हजारांचं काय, तेही ठरवून घ्या. भांडण नेहमी तिथेच होतं.

तिसरी शक्यता मला सगळ्यात रंगतदार वाटते. काम झालं, ६० हजार बाकी आहेत आणि तुमच्याकडे आहेत ४५. सुतार म्हणतो, "द्या तेवढेच, हिशेब मिटला." तुम्ही दिलेत, त्याने घेतले. संपलं. याला अकॉर्ड अँड सॅटिसफॅक्शन म्हणतात: आधी समेट, मग त्याप्रमाणे प्रत्यक्ष फेड. उरलेले १५ हजार तो नंतर मागू शकत नाही. कलम ६३ मध्येच उदाहरण आहे: ५,००० चं देणं, २,००० मध्ये पूर्ण फेड म्हणून स्वीकारलं, विषय संपला. इंग्लंडमध्ये मात्र १८८४ च्या फोक्स विरुद्ध बिअर खटल्यात धनको बाईने सूट कबूल करूनही नंतर व्याज मागितलं आणि ती जिंकली. कारण त्या सुटीच्या बदल्यात तिला नवं काही मिळालंच नव्हतं. आपल्या कायद्यात त्या मोबदल्याची अट नाही.

पण एक गोची आहे. समजा, ठरलं की "१० तारखेला ४५ देतो", आणि १० तारीख कोरडी गेली. मग? समेट झाला, फेड झालीच नाही. साधारणपणे जुने ६० हजार तसेच उभे. सुतार तेवढे मागू शकतो. हां, "आजपासून ६० चा हिशेब रद्द, आता फक्त ४५ चं देणं" असं दोघांनी स्पष्ट ठरवलं असेल, तर तो वायदाच जुन्याच्या जागी बसतो, म्हणजे पुन्हा नॉव्हेशन. मग तो ४५ च मागेल.

म्हणून पैसे पाठवताना व्हॉट्सॲपवर एक ओळ टाका: "६० हजारांच्या बाकीपोटी ४५ हजार, पूर्ण आणि अंतिम." त्यावर त्याचं "मिळाले, हिशेब पूर्ण" हे उत्तर येऊ द्या. नुसता अंगठा आला, तर तो पैसे पोचल्याचा की हिशेब मिटल्याचा, यावर वकील तासभर बोलू शकतात.