उरले बावीस



नववीच्या वार्षिक परीक्षेआधी माझ्या बाकावरचा मित्र गणिताच्या धास्तीने शाळाच सोडायला निघाला होता. नापास झाला तर वडील त्याला कायमचे शेतावर धाडणार होते. पस्तीस काही मिळत नाहीत, असं त्याने धरूनच ठेवलेलं. सरांनी त्याला फळ्यापाशी बोलावलं. आपल्याकडे निकाल दोन्ही सत्रांच्या बेरजेवर लागे. २०० पैकी ७० हवेत. सहामाहीत त्याला ४८ होते. वजाबाकी सरांनी त्यालाच करायला लावली. उरले २२! मग आम्ही रात्री बसून भूमितीच्या रचना आणि चार प्रमेयं तेवढी घोटली. त्याला ३१ मिळाले. पस्तीसच्या आत राहूनही गडी दहावीत माझ्याच शेजारी बसला.