परीक्षेचे पूर्ण नाव



आमच्या वेळी मॅट्रिक म्हटले की सर्वांना एकच परीक्षा कळे. परदेशी जाणाऱ्यांच्या इंग्रजी परीक्षांचे मात्र तसे नाही, हे माझ्या पुतण्यामुळे मला कळले.

आय.ई.एल.टी.एस. ही जुनी परीक्षा. तिच्यात परीक्षक समोर बसून उमेदवाराशी अकरा ते चौदा मिनिटे बोलतो. गुण शून्य ते नऊ. पी.टी.ई. ही २००९ साली निघालेली. ती सुमारे दोन तासांची असून गुण दहा ते नव्वद असतात व तपासणी मुख्यतः संगणक करतो. उमेदवार यंत्रापुढे बोलतो. तीन सेकंद गप्प राहिला तर ध्वनिमुद्रण बंद होते. आपली मुले वाक्य मनात जुळवून मग बोलतात. परीक्षक ती वाट पाहील, यंत्र पाहत नाही. उलट, अनोळखी माणसासमोर जीभ अडखळणाऱ्यास यंत्रच बरे वाटते.

पुतण्यास कॅनडात कायम वास्तव्याचा अर्ज करावयाचा होता. क्लासवाल्याने 'पी.टी.ई. चालते' एवढेच सांगितले. त्याने पंधरा हजारांवर शुल्क भरले, पुण्यास जाऊन परीक्षा दिली, गुणही चांगले मिळाले. अर्ज भरताना दिसले की, तेथील इमिग्रेशन खात्याने २०२४ च्या जानेवारीअखेरपासून मान्य केली ती 'पी.टी.ई. कोअर', याने दिली होती 'पी.टी.ई. अकॅडेमिक'. ही दुसरी विद्यापीठांसाठीची. तिचे गुण कोअरमध्ये बदलून मिळत नाहीत, परीक्षाच पुन्हा द्यावी लागते. जुन्या परीक्षेतही हाच फेरा आहे : त्या अर्जास 'जनरल ट्रेनिंग' लागते, 'अकॅडेमिक' चालत नाही.

इंग्लंडचा प्रकार आणखी निराळा. व्हिसाखात्यास जेथे स्वतः मान्य केलेली परीक्षा हवी असते, तेथे अकॅडेमिक परीक्षा नावापुढे 'यू.के.व्ही.आय.' हे शब्द असलेलीच नोंदवावी लागते. प्रश्न तेच असले तरी साधी चालत नाही. पदवीच्या अभ्यासक्रमास मात्र पुष्कळ विद्यापीठे इंग्रजीची खात्री स्वतः करतात व तेथे साधीही पुरते. म्हणून विद्यापीठाने घेतले एवढ्यावर व्हिसाची बाजू झाली असे धरू नये. विद्यापीठास स्वतंत्र पत्र लिहून विचारावे की, 'आपण इंग्रजीची खात्री स्वतः देणार, की आम्ही यू.के.व्ही.आय. परीक्षा द्यावी?' उत्तर जपून ठेवावे.

पुतण्याने दुसऱ्या खेपेस काय केले ते सांगतो. प्रथम त्या खात्याच्या स्वतःच्या संकेतस्थळावरील यादी उघडली, परीक्षेचे पूर्ण नाव वहीत उतरवले, ऐकणे, वाचणे, बोलणे, लिहिणे यांचे किमान गुण वेगवेगळे पाहिले. कारण एकूण गुण भरपूर असूनही एका भागात कमी पडून अर्ज अडतो. निकाल अर्जाच्या दिवशी दोन वर्षांच्या आतला असावा लागतो, तीही तारीख मांडली. मग नोंदणीच्या पडद्यावरील नाव वहीतील नावाशी अक्षरशः ताडून पाहिले, आणि त्यानंतरच पैसे भरले.