उघडलेलं टर्बाइन: अध्यक्षीय भाषण



मेकॅनिकलच्या फ्रेशर मुलांच्या मुलाखती मी बरीच वर्षं घेत आलो आहे. चाकण, भोसरी, रांजणगावच्या कंपन्यांत आपल्या जुन्नर-आंबेगाव भागातली मुलं येतात आणि त्यांच्या बायोडेटात एक ओळ वारंवार दिसते: ‘साखर कारखान्यात इंटर्नशिप, प्लांटच्या कामकाजाचा अभ्यास.’ आपल्याकडे हे साहजिक आहे. जुन्नरमध्ये निवृत्तीनगरला विघ्नहर आणि आंबेगावात पारगावजवळ दत्तात्रयनगरला भीमाशंकर, असे दोन सहकारी साखर कारखाने आपल्या दोन तालुक्यांत आहेत. आज मी त्या एका ओळीबद्दलच बोलणार आहे, कारण ती नीट सांगता आली तर थर्मोडायनॅमिक्स आणि मॅन्युफॅक्चरिंगचे बहुतेक प्रश्न तिच्यातूनच निघतात.

एका मुलाची मुलाखत सांगतो. त्याचं नाव आणि कारखाना बाजूला ठेवू. “बगॅसवर बॉयलर चालतो, वाफेवर टर्बाइन फिरतं, वीज तयार होते,” असं त्याने सुरुवातीलाच पाठ म्हटल्यासारखं सांगितलं. मी विचारलं, “कोणत्या महिन्यात गेला होतात?” तो म्हणाला, “जूनमध्ये, सर.” आता गाळप हंगाम साधारण नोव्हेंबरात सुरू होतो आणि मार्च-एप्रिलपर्यंत संपतो, हे इथे बसलेल्या प्रत्येकाला माहीत आहे. “मग टर्बाइन फिरताना तुम्ही पाहिलं का?” मुलगा गप्प झाला. आपली चोरी पकडली गेली असं त्याला वाटलं असावं. मग हळूच म्हणाला, “नाही सर. ऑफ सीझन होता. सगळं उघडून ठेवलं होतं.”

मित्रहो, त्याच्याकडे सांगण्यासारखं जे काही होतं ते या शेवटच्या वाक्यात होतं आणि नेमकं तेच तो लपवत होता. चालू टर्बाइन बाहेरून पाहिलं तर आवाज, उष्णता आणि पत्र्याचं आवरण एवढंच दिसतं. ओव्हरहॉलसाठी केसिंगचा वरचा अर्धा भाग उचलून ठेवलेला असतो तेव्हा रोटर समोर दिसतो. मी विचारलं, “पाती सगळी सारखी होती?” त्याने थोडा विचार केला. “नाही. वाफ आत येते तिकडची बुटकी होती, बाहेर जाते तिकडची लांब.” “का?” इथे तो अडला. पण हे त्याने डोळ्यांनी पाहिलेलं होतं, त्यामुळे कागद पुढे सरकवून आम्ही दोघांनी मिळून हिशोब केला.

सहवीजनिर्मितीच्या साखर कारखान्यात बॉयलरची वाफ साधारण ६७ बार दाबाची आणि ४८५ अंश सेल्सिअसची असते असं धरू. काही ठिकाणी दाब याहून जास्त असतो. अशा एक किलो वाफेला जागा लागते सुमारे ०.०५ घनमीटर. तीच वाफ टर्बाइनमधून निघून अडीच बारच्या आसपास येते तेव्हा तिला पाऊण घनमीटर जागा लागते. म्हणजे वाफ जवळजवळ पंधरा पट फुगते. दर सेकंदाला जाणारे किलो तेवढेच राहतात आणि आकारमान मात्र वाढत जातं, म्हणून तिला जाण्यासाठी मोठी वाट द्यावी लागते. पाती लांब होत जातात ती यासाठी. त्या मुलाने स्टीम टेबल दोन वर्षं वापरलं होतं. त्यातला विशिष्ट आकारमानाचा रकाना आणि त्याने पाहिलेली पाती यांचा संबंध त्याला त्या क्षणी लागला.

पुढचा प्रश्न मी नेहमी विचारतो: “वीज कशातून आली?” बरीच मुलं “दाबातून” म्हणतात. उत्तर एन्थाल्पीत आहे. आत येणाऱ्या वाफेची एन्थाल्पी किलोमागे सुमारे ३३७५ किलोज्यूल. टर्बाइन आदर्श असतं, म्हणजे एन्ट्रॉपी बदललीच नसती, तर ती सुमारे २६०० पर्यंत उतरली असती. प्रत्यक्षातलं टर्बाइन त्या उताराचा साधारण ऐंशी टक्के भाग वापरतं. म्हणजे हाती येतात सुमारे ६२० किलोज्यूल, आणि वाफ २७५० च्या आसपास बाहेर पडते. एका युनिटचे ३६०० किलोज्यूल, त्यांना ६२० ने भागा: एक युनिट विजेसाठी सहा किलोच्या आसपास वाफ. हा आकडा कारखान्यातल्या लॉगबुकातही सापडतो आणि विद्यार्थ्याने आपला हिशोब त्याच्याशी ताडून पाहावा. त्याचं उत्तर तीन किंवा पंधरा आलं तर कुठेतरी चूक आहे, हे त्याला स्वतःलाच कळेल.

मग मी विचारलं, “रँकिन सायकल काढा.” त्याने पुस्तकातली आकृती काढली: बॉयलर, टर्बाइन, कंडेन्सर, पंप. “तुमच्या कारखान्यात कंडेन्सर कुठे होता?” तिथलं टर्बाइन बॅक प्रेशरचं होतं आणि त्यामागे पुस्तकातल्यासारखा कंडेन्सर नव्हताच. एक्झॉस्टची वाफ पाइपने उसाचा रस आटवणाऱ्या इव्हॅपोरेटरकडे जात होती. तिथे ती रसाला उष्णता देते आणि स्वतः पाणी होते. २७५० पैकी सुमारे २२०० किलोज्यूल तिथे उपयोगी पडतात. वीज केंद्रात हीच उष्णता कूलिंग टॉवरमधून हवेत सोडावी लागते. वाफ आणखी खाली, निर्वातात नेली असती तर वीज जास्त मिळाली असती, पण मग ती वाफ पंचेचाळीस अंशांवर आली असती आणि तिने रस उकळला नसता. दुसरा नियम मुलांना वाक्य म्हणून पाठ असतो. उष्णता किती आहे याच्याइतकंच ती किती तापमानाला आहे याला महत्त्व असतं, हे साखर कारखाना त्यांना प्रत्यक्ष दाखवतो.

एक चूक इतक्यांदा दिसते की तिच्यावर थोडं थांबतो. एक्झॉस्ट लाइनवरचा गेज दीड दाखवतो. विद्यार्थी स्टीम टेबलमध्ये दीड बार पाहतो आणि १११ अंश लिहितो. शेजारचा थर्मामीटर मात्र सव्वाशेच्या पुढे असतो. मुलं थर्मामीटर बिघडला असं समजतात, किंवा त्याहून वाईट म्हणजे रिपोर्टात तो आकडा टाकतच नाहीत. गेज वातावरणापेक्षा जास्तीचा दाब दाखवतो आणि टेबलमध्ये निरपेक्ष दाब असतो. दीडमध्ये वातावरणाचा दाब मिळवा. आपला भाग समुद्रसपाटीपासून सहाशे-सातशे मीटर उंच आहे, त्यामुळे तो पूर्ण एक बारही नाही, ०.९३ ते ०.९४ आहे. बेरीज होते २.४ च्या थोडी वर आणि तापमान येतं १२६ अंशांच्या आसपास. ज्या मुलाने दोन्ही वाचनं वहीत लिहून ठेवली आणि ती का जुळत नाहीत हे शोधलं, त्याला गेज आणि निरपेक्ष दाबातला फरक कोणी पुन्हा विचारायची गरज उरत नाही.

आता मॅन्युफॅक्चरिंग. त्याच मुलाला मी विचारलं, “वर्कशॉपमध्ये काय पाहिलंत?” उत्तर आलं, “लेथ, शेपर, वेल्डिंग.” ही यादी कोणीही देऊ शकतो. “एकच काम सांगा.” मग त्याने मिलच्या रोलरचं सांगितलं. झिजलेल्या रोलरवरचं जुनं शेल काढून नवं बसवत होते आणि तिथल्या फिटरने त्याला जवळ उभं राहू दिलं होतं. शाफ्ट फोर्ज केलेल्या पोलादाचा, कारण त्याला वाकवणारा आणि पिळवटणारा भार सोसायचा असतो. शेल बिडाचं, कारण त्याचा खरबरीत पृष्ठभाग उसाला धरतो. शेलचं भोक शाफ्टपेक्षा किंचित लहान ठेवून ते गरम करून बसवतात.

“किती गरम?” हे त्याने विचारलं नव्हतं. म्हणून पुन्हा कागद घेतला. शाफ्टचा व्यास ५०० मिलिमीटर धरू आणि भोक अर्ध्या मिलिमीटरने लहान. शाफ्ट अडकू नये म्हणून आणखी अर्धा मिलिमीटर मोकळीक हवी. म्हणजे भोक एक मिलिमीटरने वाढायला हवं. बीड एका अंशाला लांबीच्या दर दहा लाख भागांत सुमारे अकरा भाग वाढतं, म्हणजे ५०० मिलिमीटरला ०.००५५ मिलिमीटर. एक मिलिमीटरसाठी सुमारे १८० अंशांची वाढ लागते. तीस अंशांच्या हवेत सुरुवात केली तर शेल दोनशे दहाच्या आसपास न्यावं लागेल. फिटर थर्मामीटरवर विसंबत नव्हता, ठरलेल्या मापाची कांडी भोकात फिरवून पाहत होता. ती मोकळी फिरली की शाफ्ट सोडायचा. शेल एका बाजूने घाईने तापवलं तर बीड तडकतं. आणि शाफ्ट अर्ध्यात थांबला तर शेल तिथेच आवळून बसतं, मग ते कापूनच काढावं लागतं. हे सगळं त्या मुलाने पाहिलं होतं. बायोडेटात मात्र त्याने लिहिलं होतं, ‘विविध प्रक्रियांची माहिती घेतली.’

शेवटी लेथ. रोलरवर खाचा पाडताना तो इतका सावकाश फिरत होता की लेथ बिघडलाय की काय असं वाटलं, असं तो म्हणाला. कॉलेजच्या लेथवर २५ मिलिमीटरचा बार मिनिटाला अडीचशे फेऱ्यांनी फिरत असेल तर हत्याराखालून मिनिटाला सुमारे वीस मीटर धातू सरकतो. ९०० मिलिमीटर व्यासाच्या रोलरवर तेवढाच वेग ठेवायचा तर फेरे लागतात फक्त सात. कटिंग स्पीड हा पृष्ठभागाचा वेग आहे, फेऱ्यांचा नाही, ही व्याख्या त्याला येत होती, पण समोर फिरणाऱ्या रोलरला ती लावून पाहायचं त्याला सुचलं नव्हतं.

मुलाला आम्ही घेतलं. पहिल्या पाच मिनिटांत मात्र आम्ही त्याला जवळजवळ सोडूनच दिलं होतं.

म्हणून विद्यार्थ्यांना सांगतो, इंटर्नशिपबद्दल बोलताना आधी महिना सांगा, मग यंत्राची अवस्था, मग एकच काम, त्यात तुमच्या हातात काय होतं आणि तुम्ही कोणतं वाचन घेतलं. जे पाहिलं नाही ते पाहिलं नाही म्हणा. फिटरने केलेलं काम ‘मी केलं’ म्हणू नका, कारण दुसऱ्याच प्रश्नाला ते उघड होतं.

अवसरी खुर्दच्या शासकीय अभियांत्रिकी महाविद्यालयासह आपल्या दोन्ही तालुक्यांतल्या महाविद्यालयांतून आणि पॉलिटेक्निकमधून आलेल्या शिक्षकांना माझी विनंती आहे की रिपोर्टात कारखान्याचा इतिहास आणि संचालक मंडळाची पानं मागू नका. एका यंत्राची मापं, दोन वाचनं आणि त्यांवरचा एक हिशोब मागा. आणि कारखान्यांतल्या सहकाऱ्यांनो, मुलांना जूनमध्ये उघडलेलं टर्बाइन दाखवाच, पण बॉयलरचं अग्निप्रदीपन झाल्यापासून गव्हाणीत मोळी पडेपर्यंतच्या दिवसांतही त्यांतल्या काहींना पुन्हा बोलवा. तीच यंत्रं त्यांना आधी उघडी आणि मग चालू पाहायला मिळाली पाहिजेत. येत्या हंगामापासून एवढं आपण करू या.